गाइडना पत्र: फील्डवर्क रखडलंय, वेळापत्रक बदलून हवंय. मसुदा वाचून सांगाल का?

कऱ्हाकाठची | जुलै २०२५

नमस्कार मंडळी. पुण्यात पीएचडी करते, नोंदणी जानेवारी २०२३ ची. विषय थोडक्यात: पुरंदर तालुक्यात कऱ्हेच्या खोऱ्यातल्या विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी किती खाली जातं आणि नंतर किती वर येतं, त्यावरून बेसाल्टमध्ये मुरणाऱ्या पाण्याचा अंदाज बांधायचा. ४८ विहिरी निवडल्या आहेत. मे २०२५, ऑक्टोबर २०२५, जानेवारी २०२६ आणि मे २०२६ अशी चार मोजमापं करून डेटा संपवायचा, असं समितीपुढे मंजूर झालं होतं.

यंदाचा मे कसा गेला ते पुण्यातल्यांना सांगायला नको. ऑगस्टमध्ये सल्लागार समितीची बैठक आहे, त्याआधी सरांना रीतसर पत्र द्यायचंय. सरांना मराठी पत्र चालतं, समितीसाठी इंग्रजी मी नंतर करीन. मसुदा असा:

> आदरणीय सर, सादर नमस्कार.
> आपल्या मार्गदर्शनाखाली माझे संशोधन सुरू आहे. तथापि अवकाळी पाऊस, रस्त्यांची दुरवस्था, ग्रामस्थांचे असहकार्य, प्रवासाच्या अडचणी व प्रकृतीच्या किरकोळ तक्रारी या अपरिहार्य कारणांमुळे क्षेत्रकार्य नियोजित वेळेत पूर्ण होऊ शकले नाही. याबद्दल मी दिलगीर आहे. तरी डेटा संकलनासाठी दोन महिन्यांची मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.
> आपली विद्यार्थिनी

भाषा ठीक आहे का? फार लांबलचक नको, पण उद्धटही वाटायला नको.

---

पेठकर

भाषा छान आहे. पण एवढं टेन्शन कशाला? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत कमाल मुदत सहा वर्षं आहे. तुमची नोंदणी २०२३ ची, म्हणजे जानेवारी २०२९ पर्यंत कोणी विचारत नाही. शिवाय पुनर्नोंदणीने दोन वर्षं, आणि महिलांना वर आणखी दोन. मुदतवाढ मागायचीच गरज नाही, गाइडना तोंडी सांगून टाका.

---

मृद्गंध

मी स्वतः गाइड आहे, विषय वेगळा. पेठकरांचे आकडे बरोबर आहेत, पण ती मुदत प्रबंध सादर करायची. मंजूर झालेलं वेळापत्रक बदलणं ही वेगळी बाब. दर सत्रात समितीपुढे प्रगती मांडावी लागते, आणि मागच्या वेळी मांडलेला तक्ता आणि आत्ताचा तक्ता जुळला नाही की पहिला प्रश्न गाइडलाच येतो. तुझं पत्र हातात असेल तर त्यांना उत्तर देता येतं. तोंडी सांगितलेलं तिथे दाखवता येत नाही.

फेलोशिप आहे का? असेल तर मुदतीचं गणित तिच्यावरून मांड, सहा वर्षांवरून नको. जेआरएफची दोन आणि एसआरएफची तीन, अशी पाच वर्षं. तुझी नोंदणीपासूनच सुरू झाली असेल तर डिसेंबर २०२७ ला संपते. त्यानंतरचं वर्षभर स्वतःच्या खिशातून काढावं लागेल.

आता मसुदा. पाच कारणं एका वाक्यात कोंबली आहेस. वाचणाऱ्याला वाटतं, यातलं खरं एकच असेल, बाकीची भरती आहे. ४८ पैकी किती विहिरी झाल्या, कोणत्या राहिल्या, हे कुठेच नाही. मी तुझी गाइड असते तर पत्र बाजूला ठेवून तुला फोन केला असता.

---

निवांत_पाटील

आमच्या सौंचं असंच झालं होतं. मायक्रोबायोलॉजी, कल्चर दूषित झालं, चार महिन्यांचं काम पाण्यात. गाइडनी समजून घेतलं. मॅडमना घरी बोलावून जेवायला घातलं होतं आम्ही. तुम्ही मेडिकल सर्टिफिकेट जोडा, प्रकृतीचं कारण कोणी नाकारत नाही.

---

कऱ्हाकाठची

@निवांत_पाटील, अहो सर्दी-खोकला होता हो, सर्टिफिकेट कसलं जोडू! ते वाक्य काढतेच.

@मृद्गंध मॅडम, फेलोशिप आहे, डिसेंबर २०२७ लाच संपते. विहिरींचा हिशेब असा: २२ एप्रिल ते ६ मे या काळात १९ विहिरी नीट मोजून झाल्या. १७ विहिरी पुरंदरच्या प्रस्तावित विमानतळाच्या गावांत आहेत, तिथे लोकांनी शेतात येऊ दिलं नाही. उरलेल्या १२ मी मेच्या अगदी शेवटी मोजल्या, म्हणजे पाऊस पडून गेल्यावर. त्या मोजल्या आहेत म्हणून "झाल्या"मध्ये धरल्या होत्या.

---

भूजलकाका

अगं, त्या १२ विहिरींपाशीच तुझं सगळं पत्र अडलंय, आणि मसुद्यात त्यांचं नाव नाही.

माझी सगळी नोकरी विहिरी मोजण्यात गेली. आमच्या खात्याच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. मेचं मोजमाप तळ, म्हणजे वर्षातली सगळ्यांत खोल पातळी, सापडावा म्हणून असतं. यंदा पुण्यात मान्सून २६ मेला दाखल झाला, एरवी १० जूनच्या आसपास येतो. त्याच्याही आधी मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून वळवाने झोडपलं. म्हणजे मेअखेरीस तू जे मोजलंस ते पावसाळ्याआधीचं पाणी नव्हेच.

दोन महिन्यांची मुदतवाढ घेऊन करणार काय? जुलै-ऑगस्टमध्ये विहिरी भरत असतात. हुकलेला तळ आता पुढच्या उन्हाळ्यातच सापडेल. मुदतवाढ मागायची तर त्या हिशेबाने माग.

एखाद्या विहिरीचे आकडे टाक इथे, दाखवतो काय होतं ते.

---

कऱ्हाकाठची

काका, खळदची एक विहीर घ्या, माझ्या वहीत क-१२. ही त्या १९ पैकी आहे, पण पडताळ्यासाठी मी पावसानंतरही पुन्हा मोजली होती. जमिनीपासून पाण्यापर्यंत:

ऑक्टोबर २०२४: २.४० मी.
२२ एप्रिल २०२५: ९.८० मी.
३० मे २०२५: ६.१० मी.

काठावर लाल रंगाची खूण आहे, तिथून टेप सोडते आणि कठड्याची उंची वजा करते. मोटर आदल्या दिवसापासून बंद होती, शेतकऱ्याला विचारून घेतलंय.

---

भूजलकाका

शाब्बास, मोटरचं विचारलंस हे बरं केलंस. लोक चालू मोटरीच्या विहिरीत टेप सोडतात आणि पाणी खोल गेलं म्हणून रडतात. रात्रपाळीची लाईट असेल तेव्हा सकाळी मोजलेलं पाणी उपशाचं असतं, विहीर भरून यायला वेळ द्यावा लागतो.

आता धर की यंदाच्या ऑक्टोबरातही पाणी २.४० वर आलं. एप्रिलचा तळ धरलास तर चढ ७.४० मीटर. मुरमाड, सांधे पडलेल्या बेसाल्टमध्ये मावणारं पाणी आपण खडकाच्या साधारण दोन टक्के धरतो, म्हणजे मुरलेलं पाणी १४८ मिलिमीटर. ३० मेचा आकडा तळ म्हणून धरलास तर चढ ३.७० मीटर, आणि पाणी ७४ मिलिमीटर. विहीर तीच, पाऊस तोच, उत्तर निम्मं.

गाइडना हे चार ओळींत दाखव. दिलगिरीची गरजच पडणार नाही.

---

टीकाकार_टिळक रोड

पण मग १२ विहिरी फेकून कशाला द्यायच्या? मार्च-एप्रिलमध्ये पाणी ज्या वेगाने उतरत होतं ती रेघ पुढे ओढा, मेच्या पहिल्या आठवड्याचा आकडा मिळेल. सोपं गणित आहे. एवढ्यासाठी वर्षभर पुढे ढकलणं म्हणजे अतिच.

---

भूजलकाका

रेघ ओढता येते, पण सरळ नाही. रब्बी संपली की उपसा कमी होतो आणि उतार मंदावतो. आणि बारा मीटर खोल विहिरीतलं पाणी बुडाला टेकलं की पातळी आणखी खाली गेली तरी टेपला कळत नाही, विहीर नुसती कोरडी दिसते. रेघ मात्र खुशाल चौदा मीटरवर जाईल. अंदाज म्हणून वापर, मोजमाप म्हणून नको. शिवाय मुद्दा असा, की त्या १२ विहिरींची मार्चची तरी नोंद तुझ्याकडे आहे का?

---

कऱ्हाकाठची

पाच विहिरींची आहे, सात विहिरींची नाही.

---

टीकाकार_टिळक रोड

मग पाचांची ओढा आणि तसं लिहा. माझं म्हणणं कायम आहे.

---

सासवडकर

मी वाचत होतो, पण १७ विहिरींवरून लिहावंसं वाटलं. आमचं गाव विमानतळाच्या त्या सात गावांतलंच आहे. ताई, "ग्रामस्थांचे असहकार्य" हे शब्द पत्रात राहू देऊ नका. मेच्या सुरुवातीला इथे भूसंपादनाच्या ड्रोन मोजणीवरून काय वातावरण होतं ते पेपरात आलंय. अशा वेळी कोणी अनोळखी मुलगी हातात टेप, मोबाईलवर जीपीएस आणि वही घेऊन बांधावर आली, तर ती मोजणीवाली नाही हे आमच्या म्हाताऱ्यांनी कसं ओळखायचं?

तुम्ही वहीत गट नंबर लिहीत होतात का?

---

कऱ्हाकाठची

हो. ठिकाण पक्कं राहावं म्हणून नाव आणि गट नंबर दोन्ही.

---

सासवडकर

मग झालंच. भूसंपादनात विहीर, पाईपलाईन, झाडं यांचा मोबदला जमिनीपेक्षा वेगळा धरतात. विहीर सातबाऱ्यावर आहे की नाही, पाणी आहे की कोरडी, यावर माणसं रात्रभर बोलतात. तुमच्या वहीत "गट अमुक, पाणी दहा मीटर खाली" लिहिलेलं उद्या कोणाच्या हातात पडेल, ही भीती खोटी नाही. आणि उलटंही होईल, एखादा म्हणेल की माझ्या विहिरीला भरपूर पाणी आहे असं लिहून द्या, सही-शिक्का द्या.

पावसाळ्यानंतर या, पण गट नंबर सोडा. विद्यापीठाचं पत्र आणा, सरपंचांना आधी भेटा. तरी सगळे हो म्हणतील असं मी सांगत नाही. माझे चुलतेच नाही म्हणतील.

---

मृद्गंध

सासवडकरांनी फार महत्त्वाचं सांगितलं. हा नुसता प्रवेश मिळण्याचा प्रश्न नाही. लोकांवर परिणाम होईल अशी माहिती तू गोळा करत्येस, तेव्हा नोंदी कशा ठेवणार हेही पत्रात यायला हवं. आणि त्या १७ विहिरींबद्दल तू एकटीने ठरवू नकोस. ठेवायच्या, वगळायच्या, की बाहेरच्या गावांत त्याच थरातल्या नव्या घ्यायच्या, हे सरांनी ठरवायचंय. पर्याय मांड, तुझा कल सांग आणि निर्णय माग. पत्रात काय मागितलंय ते गाइडला दिसलं पाहिजे.

---

पेठकर

नव्या घेतल्या तर मागच्या ऑक्टोबरची नोंद नसणार त्यांची. म्हणजे ४८ चा आकडा टिकवायला तुलना घालवायची. मला विषय कळत नाही, पण हे बरं दिसत नाही.

---

भूजलकाका

पेठकर, विषय कळत नाही म्हणता आणि नेमकं बोट ठेवता. मी ३१ वर थांबलो असतो. ३१ विहिरी सगळ्या ऋतूंत नीट मोजलेल्या, त्या ४८ अर्धवट विहिरींपेक्षा बऱ्या. पण खोऱ्याचा तो भाग नकाशावर मोकळा राहतो, हेही खरं.

आणखी एक. पुढच्या वर्षीही मे असाच निघाला तर? तारखा मागे घे. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळं उरक. विभागात पाण्याचा दाब आपोआप नोंदणारे लॉगर पडून असतील तर दोन माग. एक विहिरीत पाण्याखाली, दुसरा जवळच हवेत टांगायचा, कारण पाण्यातला हवेचाही दाब मोजतो आणि तो वजा करावा लागतो. एका विहिरीची तासातासाची रेघ हाती असली की कुठला चढ दोन दिवसांत ओसरला आणि कुठला टिकला, ते दिसतं. कठडा नसलेल्या विहिरीत शेतातलं पाणी सरळ आत पडतं. ते मुरलेलं पाणी नव्हे.

---

कऱ्हाकाठची

सगळ्यांचे आभार. दुसरा मसुदा:

> आदरणीय सर,
> सादर नमस्कार.
>
> विषय: मे २०२५ च्या अपूर्ण मोजमापाबाबत, आणि डेटा संकलनाचे सुधारित वेळापत्रक मंजूर करण्याबाबत.
>
> ठरलेल्या ४८ विहिरींपैकी १९ विहिरींचे पावसाळ्यापूर्वीचे मोजमाप २२ एप्रिल ते ६ मे या काळात झाले. १२ विहिरी मेअखेरीस, पाऊस पडल्यानंतर मोजल्या गेल्या. १७ विहिरी प्रस्तावित विमानतळाच्या गावांत असून तेथे भूसंपादनाच्या मोजणीवरून तणाव असल्याने शेतात जाता आले नाही.
>
> मेअखेरच्या १२ नोंदी पावसाळ्यापूर्वीची पातळी म्हणून वापरू नयेत, असे मला वाटते. खळदच्या क-१२ विहिरीत २२ एप्रिलला पाणी ९.८० मीटरवर होते, ३० मेला ते ६.१० मीटरवर आले. ऑक्टोबरमध्ये ते गतवर्षीप्रमाणे २.४० वर आले असे धरल्यास, पहिल्या आकड्यावरून १४८ मिमी आणि दुसऱ्यावरून ७४ मिमी पुनर्भरण निघते. पाच विहिरींच्या मार्चच्या नोंदी आहेत, त्यावरून मेच्या सुरुवातीची पातळी अंदाजता येईल. तो अंदाज म्हणून वेगळा दाखवीन. उरलेल्या सात विहिरींसाठी तोही मार्ग नाही.
>
> त्यामुळे मूळ वेळापत्रक एक-दोन महिन्यांनी पुढे सरकवून उपयोग नाही. माझा प्रस्ताव असा: ऑक्टोबर २०२५, जानेवारी २०२६ व मार्च २०२६ ची मोजमापे करावीत, पावसाळ्यापूर्वीचे मोजमाप १५ एप्रिल ते ७ मे २०२६ दरम्यान नव्याने घ्यावे, आणि ऑक्टोबर २०२६ ला संकलन संपवावे. यामुळे संकलन पाच महिने लांबते. फेलोशिप डिसेंबर २०२७ ला संपते, म्हणजे विश्लेषण व लेखनासाठी चौदा महिने उरतात. यंदा पूर्ण झालेल्या १९ विहिरींवर आधारित पहिले प्रकरण या काळातच लिहायला घेते.
>
> पुढील बाबींवर आपला निर्णय हवा आहे. १७ विहिरी ऑक्टोबरमध्ये पुन्हा प्रयत्न करून ठेवाव्यात, की ३१ विहिरींवर अभ्यास मर्यादित करावा? माझा कल ऑक्टोबरचा एक प्रयत्न करून मग ठरवण्याकडे आहे. त्यासाठी विभागाचे परिचयपत्र लागेल. विहिरींच्या नोंदींतून मालकाचे नाव व गट क्रमांक काढून केवळ संकेतांक ठेवण्यास आपली संमती असावी. तसेच विभागातील दोन लॉगर ऑक्टोबरपासून वापरण्याची परवानगी मिळावी.
>
> ऑगस्टच्या समितीपूर्वी भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.
>
> आपली विद्यार्थिनी

---

मृद्गंध

आता हे पत्र मी समितीपुढे जसंच्या तसं ठेवलं असतं. एकच: "असे मला वाटते" काढ. आकडे खालीच दिलेस ना?

---

कऱ्हाकाठची

ते ठेवणार आहे मॅडम. आमच्या सरांना निष्कर्ष त्यांच्या आधी काढलेला आवडत नाही. :)

---

निवांत_पाटील

उत्तम पत्र. सौ. म्हणतात, शेवटी "आपल्या आशीर्वादाने" घाला.

---

भूजलकाका

पत्र पाठव. पण पाठवण्याआधी तुझ्या १९ चांगल्या विहिरींकडे एकदा बघ. त्यातल्या किती पुरंदर उपसा योजनेच्या लाभक्षेत्रात आहेत? मुळा-मुठेचं पाणी उचलून तिकडच्या तळ्यांत सोडतात. उन्हाळ्यात आवर्तन आलं की तळ्याखालच्या विहिरींचं पाणी पाऊस नसतानाही चढतं. एप्रिलमध्ये सगळीकडे उतार आणि एखाद्याच विहिरीत चढ दिसला तर तेच समज.

---

कऱ्हाकाठची

काका, आत्ता वही काढली. पिसर्वे-माळशिरसकडच्या चार विहिरी आहेत. त्यातल्या क-३१ मध्ये मार्चपेक्षा एप्रिलचं पाणी ४० सेंमी वर आहे. मी टेप चुकली असेल म्हणून शेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. उरलेल्या तीन उतरल्यात, पण बाकीच्यांपेक्षा कमी.

आवर्तनाच्या तारखा कुठे मिळतील?

---

सासवडकर

योजनेच्या कार्यालयात अर्ज करा, पण त्याआधी ज्या शेतकऱ्यांनी पाण्याचे पैसे भरलेत त्यांना विचारा. पावतीवर तारीख असते, आणि पाणी तळ्यात किती दिवस आलं ते त्यांना कार्यालयापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पिसर्व्यात माझा मित्र आहे, व्यनि करा.

---

टीकाकार_टिळक रोड

म्हणजे १९ चे १५ झाले. पत्रात १९ च लिहिणार का?

---

कऱ्हाकाठची

१९ मोजल्या आहेत, तेवढं खरं आहे. पण त्याखाली एक वाक्य वाढवते: चार विहिरींवर उपसा योजनेच्या पाण्याचा परिणाम असण्याची शक्यता असून आवर्तनाच्या तारखा मिळवत आहे. पहिलं प्रकरण १९ वर लिहायचं की १५ वर, ते तारखा हातात आल्यावर. सासवडकर, व्यनि केलाय.